कामाच्या ठिकाणी छळ झालाय आणि पहिल्यांदा वकिलाकडे जायचंय: नेहमी विचारले जाणारे प्रश्न (मुंबईसाठी)

मी स्वतः वकील नाही. पण ऑफिसमधल्या लैंगिक छळाच्या बाबतीत पहिल्यांदा वकिलाकडे जाणाऱ्या बायकांबरोबर मी जाऊन बसते, त्यांचे कागद आधी बघून लावून देते, आणि तिथे तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून हे लिहून काढलंय. यात मुख्य विषय प्रायव्हेट कंपनीत काम करणाऱ्या बाईचा आहे, सीनियरने किंवा सहकाऱ्याने लैंगिक छळ केला असं जिथे आहे. पॉश कायदा म्हणतात तो हाच, 2013 चा.

मीटिंगच्या आधी सगळ्यात पहिलं काय करू?

तारीख शोधा. खरंच, कागद नंतर, आधी शेवटची घटना कोणत्या तारखेला झाली ते शोधून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. कारण या कायद्यात इंटर्नल कमिटीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी कंपनीतच असते त्या कमिटीकडे, लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांत करायची असते, घटना एकामागून एक झाल्या असतील तर शेवटच्या घटनेपासून 3 महिने. उशीर व्हायला खरं कारण असेल तर कमिटी ते लेखी नोंदवून अजून जास्तीत जास्त 3 महिने देऊ शकते, पण ते देणं तिच्या हातात आहे, तुमचा हक्क म्हणून ते मिळत नाही. त्यामुळे वकिलाची अपॉइंटमेंट मागतानाच फोनवर सांगा की मॅडम शेवटची घटना अमुक तारखेची आहे. मुदत आठ दिवसांवर आली असेल तर चांगला वकील तुम्हाला पुढच्या महिन्यातली वेळ देणारच नाही, उद्या या म्हणेल.

शेवटची घटना कोणती धरायची हेच कळत नाहीये, त्याचं काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांना अडकवतो म्हणून एक उदाहरण पूर्ण घेते, पुढेही तेच वापरणार आहे.

समजा एक मुलगी अंधेरी पूर्वेला चकाल्यात एका कंपनीत बॅक ऑफिसला आहे, चाळीसेक माणसं असतील. तिच्या रिपोर्टिंग मॅनेजरने 10 जानेवारीला रात्री 11:40 ला मेसेज टाकले, घाणेरडे. 6 फेब्रुवारीला पुण्याहून क्लायंट व्हिजिट करून कंपनीच्या गाडीतून येताना मांडीवर हात ठेवला. 14 मार्चला मीटिंग रूमचं दार लावून घेतलं आणि म्हणाला, ‘मेरी बात मानेगी तो प्रमोशन पक्का’. ती नाही म्हणाली. 3 एप्रिलला अप्रेझल आलं त्यात रेटिंग एकदम खाली, आदल्या वर्षी चांगलं होतं. 20 एप्रिलला तिने एचआरच्या बाईंना तोंडी सांगितलं, त्या म्हणाल्या बघते. वकिलाकडे ती जाते 26 मे ला.

आता तिला वाटतं शेवटची घटना 3 एप्रिलची, म्हणजे मुदत 3 जुलैपर्यंत आहे, अजून वेळ आहे. हे असं धरणं फार धोक्याचं आहे. खराब रेटिंग हा छळाचाच भाग आहे असं म्हणता येतं, नकार दिला म्हणून नोकरीत नुकसान करणं कायद्यात बसतंच. पण समोरचा म्हणणार की अप्रेझल ही ऑफिसची प्रक्रिया आहे, त्याचा आणि बाकीच्याचा काही संबंध नाही. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एका विधी विद्यापीठातली केस आली त्यात साधारण हाच मुद्दा होता, नंतरची पदावरून काढण्यासारखी कारवाई प्रशासकीय धरली गेली, ती आधीच्या लैंगिक वागणुकीची साखळी पुढे चालू असल्याचं मानलं गेलं नाही, आणि तक्रार मुदतीबाहेर ठरली. म्हणून सेफ हिशोब म्हणजे सरळसरळ लैंगिक असलेली शेवटची घटना, इथे 14 मार्च. त्याचे 3 महिने 14 जूनला संपतात. वकिलाला दोन्ही तारखा सांगा, अप्रेझलची तारीख सोडायची नाही, पण तयारी मात्र 14 जूनच्या आतली करा.

20 एप्रिलला एचआरला तोंडी सांगितलं ते मुदतीसाठी तक्रार धरता येत नाही, कारण तक्रार लेखी लागते आणि ती कमिटीकडे जावी लागते. तरी ते उपयोगी आहे, पुरावा म्हणून आणि उशिराचं कारण म्हणूनही, त्यामुळे वकिलासाठी जे टिपण लिहाल त्यात येऊ द्या. लिहिता येत नसेल तर लेखी करायला मदत करणं हे कमिटीचं कामच आहे, कायद्यात आहे तसं.

तारीख आठवतच नाहीये नीट, मग?

बऱ्याच जणींना नाही आठवत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अंदाजाने एखादी तारीख ठोकून देऊ नका फक्त, कारण उलटतपासणीत ती चुकीची निघाली की बाकीचं खरं असलेलंही डळमळीत वाटायला लागतं. त्याऐवजी त्या दिवसाला बांधलेली दुसरी गोष्ट शोधा. पुण्याच्या व्हिजिटचा खर्च क्लेम केला होता का, त्यात तारीख आहे. ओला-उबरच्या राइड हिस्टरीत त्या दिवशी किती वाजता घरी निघालात ते आहे. यूपीआयचे पेमेंट, ऑफिसच्या कॅलेंडरवरचं मीटिंगचं इन्व्हाइट, सुट्टीचा अर्ज, त्याच रात्री बहिणीला केलेला फोन. एवढं करूनही नाही मिळाली तर ‘फेब्रुवारीचा पहिला आठवडा, पुण्याहून परत येताना’ असं लिहा. अंदाजाला अंदाज म्हटलेलं चालतं.

टिपण म्हणजे नक्की काय लिहायचं?

दोन-तीन पानं. तारखेच्या क्रमाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येक घटनेला तारीख आणि वेळ, जागा, तो काय म्हणाला किंवा त्याने काय केलं, तुम्ही काय केलंत, कोण होतं आसपास, आणि याचा पुरावा कुठे आहे.

सगळ्यात अवघड जाते ती म्हणजे त्याचे शब्द लिहायचे ही गोष्ट. बायका लिहितात ‘सर माझ्याशी वाईट वागले’, ‘नको ते बोलले’. यावरून वकिलालाही काही कळत नाही आणि कमिटीलाही नाही, कारण कायद्यात प्रकार ठरलेले आहेत, नको असलेला स्पर्श किंवा जवळीक, लैंगिक मागणी, लैंगिक शेरे, अश्लील चित्र-व्हिडिओ दाखवणं, आणि बाकी कुठलंही नको असलेलं लैंगिक वागणं, मग ते शब्दांतून असो की हावभावातून, आणि वकिलाला घटना यातल्या कशात बसते ते बघायचं असतं. तर तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहा, शिवी असेल तर शिवी, हिंदीत बोलला असेल तर हिंदीतच ठेवा, मराठीत वळवू नका. तोंडाने सांगायला जीभ रेटत नसेल तर वकिलाला कागद द्या आणि म्हणा हे वाचा, मला बोलायला जमणार नाही. असं चालतं, मी कितीदा तरी बघितलंय.

वरच्या उदाहरणातल्या 14 मार्चची नोंद अशी होईल: ‘14 मार्च, दुपारी साधारण 4, तिसऱ्या मजल्यावरची छोटी मीटिंग रूम. रिव्ह्यूसाठी बोलावलं, इन्व्हाइट ईमेलवर आहे. दार लावलं. म्हणाले, मेरी बात मानेगी तो प्रमोशन पक्का. मी विचारलं म्हणजे काय. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, इतनी भी भोली नहीं है तू. मी उठून बाहेर आले. बाहेर रिसेप्शनच्या मुलीने मला रडताना बघितलं, पाणी दिलं. साडेचारला नवऱ्याला मेसेज केला, स्क्रीनशॉट नंबर 5.’

बघा यात कुठेही ‘त्याचा हेतू वाईट होता’ असं लिहिलेलं नाही आणि तरी सगळं कळतं. तुमचा अंदाज, ऐकीव गोष्टी, ‘तो बाकीच्या मुलींशीही असंच करतो म्हणे’ हे टिपणाच्या शेवटी वेगळं लिहा, घटनांमध्ये मिसळू नका.

कागद कोणते न्यायचे?

नोकरीचे आधी. ऑफर लेटर किंवा अपॉइंटमेंट लेटर, मागच्या काही महिन्यांच्या सॅलरी स्लिप, आयकार्डची कॉपी, अप्रेझलचे कागद (खराब आलेलं पण आणि त्याच्या आधीचं चांगलं पण, दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो), आणि कंपनीची पॉश पॉलिसी असेल तर ती. तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असाल, एजन्सीतून आला असाल, ट्रेनी असाल तरी कायदा लागू आहे, पण मग एजन्सीचा कागद पण न्या कारण पगार कोण देतं आणि काम कुठे करता हे वेगळं असतं आणि वकिलाला दोन्ही लागतं.

कंपनीत इंटर्नल कमिटी आहे का आणि तिच्यात कोण कोण आहे हे शोधून जा. 10 किंवा जास्त माणसं असतील तर कमिटी असावीच लागते, अध्यक्ष सीनियर बाई, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक मेंबर बाहेरची. नावं नोटीस बोर्डावर किंवा दिसेल अशा जागी लावायची असतात, मोबाईलने फोटो काढून घ्या. बोर्डच नसेल तर रिकाम्या भिंतीचा फोटो काढा असं मी सांगते, ते पण एक सांगणं असतं.

दवाखान्याचे कागद असतील, झोपेच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, समुपदेशनाची बिलं, तर तीही न्या, कारण भरपाई ठरवताना मानसिक त्रास आणि उपचाराचा खर्च बघतात. पण हे कागद वकिलाला दाखवायचे, तक्रारीला जोडायचे की नाही ते नंतर ठरवायचं. का ते सांगते. तक्रार कमिटीकडे गेली की तिची एक कॉपी 7 कामकाजाच्या दिवसांत समोरच्याला जाते, जोडलेल्या कागदांसकट. तुमच्या डॉक्टरने लिहिलेलं सगळं त्या माणसाने वाचावं असं वाटतं का, हा विचार आधीच केलेला बरा.

व्हॉट्सअॅप चॅटचं काय करू, स्क्रीनशॉट पुरेत?

पहिल्या मीटिंगला पुरतात, पण नीट काढलेले हवेत. प्रत्येकात तारीख दिसली पाहिजे, आणि वरती ‘बॉस’ किंवा ‘डोन्ट पिक अप’ असं सेव्ह केलेलं नाव दिसत असेल तर कॉन्टॅक्ट उघडून नंबर दिसणारा एक वेगळा स्क्रीनशॉट घ्या. फक्त त्याची वाक्यं कापून घेऊ नका, आधीचं-नंतरचं तुमचं बोलणं पण येऊ द्या. स्क्रीनशॉटला नंबर द्या, 1, 2, 3, आणि टिपणात तोच नंबर लिहा. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि डिसअपीअरिंग मेसेज चालू असेल तर आजच, हे वाचता वाचता बंद करा.

खरा पुरावा मात्र फोन आहे. पुढे कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याला 2023 च्या साक्ष कायद्यातल्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी ते ज्या डिव्हाइसवर आहे ते हाताशी असलं तर फार सोपं जातं. म्हणून फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेट मारू नका, दिवाळी ऑफर असली तरी जुना फोन कपाटात ठेवा. स्वतःचे मेसेज डिलीट करू नका, रागात लिहिलेले असोत की हसरे इमोजी टाकलेले असोत. समोरच्याकडे पूर्ण चॅट आहे, तुमच्याकडचं अर्धंच निघालं तर वाईट दिसतं.

कॉल रेकॉर्डिंग असेल तर कापाकापी न करता मूळ फाइल तशीच ठेवा आणि वकिलाला सांगा आहे म्हणून, वापरायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

ऑफिसच्या ईमेलवरचे पुरावे घरी पाठवू का?

सगळा इनबॉक्स उचलून पर्सनल ईमेलवर फॉरवर्ड करू नका, प्लीज. त्यात क्लायंटचा डेटा गेला तर कंपनी तुमच्यावरच माहिती बाहेर नेल्याचा आरोप ठेवते आणि मूळ विषय बाजूला राहून तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतात. त्याने तुम्हाला पाठवलेले, या विषयाचेच जे चार-पाच मेल आहेत त्यांची तारीख, वेळ, सब्जेक्ट लिहून घ्या, वकिलाला विचारून मग कसे ठेवायचे ते ठरवा. आणि हे आठवण ठेवा की राजीनामा दिला किंवा नोटीस पिरियडमध्ये घरी बसवलं की लॉगिन त्याच दिवशी बंद होतं, म्हणून ही यादी आधी करायची.

राजीनामा देऊन मग जाऊ का वकिलाकडे? तिथे पाय ठेववत नाही.

समजू शकते. तरी शक्य असेल तर वकिलाला भेटेपर्यंत थांबा, सुट्टी टाका, मेडिकल टाका, पण ‘वैयक्तिक कारणांमुळे’ असं लिहून राजीनामा देऊ नका, कारण मग पुढे छळामुळे सोडली म्हणताना तोच कागद समोर येतो. फुल अँड फायनलच्या वेळी ‘माझी कंपनीविरुद्ध काहीही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतात, तो सही न करता घरी आणा. राजीनामा देऊन झालाच असेल तर सगळं संपलं असं अजिबात नाही, नोकरी सोडल्यानंतरही मुदतीत तक्रार करता येते, फक्त दिलेल्या पत्राची कॉपी घेऊन जा.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच जणींना माहीतच नसते: चौकशी चालू असताना लेखी मागणी करून अंतरिम दिलासा मागता येतो. तुमची किंवा त्याची बदली, 3 महिन्यांपर्यंतची रजा जी तुमच्या नेहमीच्या रजेतून कापली जात नाही, आणि त्याने तुमच्या कामाचं मूल्यमापन करायचं नाही असा आदेश. उदाहरणातल्या मुलीला हा शेवटचा सगळ्यात कामाचा, कारण पुढचं अप्रेझल त्याच्याच हातात आहे. म्हणून वकिलाला विचारायच्या प्रश्नांत हे लिहून ठेवा.

वकील कमिटीसमोर माझ्या बाजूने बोलतील ना?

नाही. कमिटीपुढे कुठल्याच टप्प्यावर कोणत्याही बाजूला वकील उभा करता येत नाही, नियमातच आहे. तुम्हाला नाही आणि त्यालाही नाही. मग वकिलाकडे जायचं कशाला असं लोक विचारतात. तर तक्रार नीट लिहून घ्यायला, कोणती तारीख धरायची ते ठरवायला, साक्षीदार कोण द्यायचे, त्याचं उत्तर आल्यावर त्यातलं खोटं कुठे आहे ते बघायला, आणि तुम्हाला प्रश्न कसे विचारले जातील याची तयारी करून घ्यायला. पुढे अपील करायचं झालं तर वकील लागतोच, त्याला 90 दिवस असतात. पहिल्या भेटीत कोणी म्हणालं की मी येतो तुमच्याबरोबर कमिटीत, बघतो कोण काय बोलतं ते, तर त्या वकिलाने हे काम आधी केलेलं नाही असं समजा.

कंपनीच्या कमिटीवर विश्वासच नाहीये, सरळ पोलिसात जाऊ का?

जाऊ शकता, दोन्ही एकत्रही करता येतं, एक केलं म्हणून दुसरं बंद होत नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात लैंगिक छळाचं कलम 75 आहे, जबरदस्तीने हात लावला असेल, पाठलाग असेल तर वेगळी कलमं. 3 महिन्यांची अट पोलिसांच्या मार्गाला नाही, त्याच्या मुदती वेगळ्या. कुठला मार्ग आधी आणि का, हे वकिलाला विचारायचा खरा प्रश्न आहे, कारण एकदा पोलिसांत जबाब दिला की तो आणि कमिटीतली तक्रार शब्दाशब्दाने जुळवून बघतात.

तिसरा रस्ता लोकल कमिटीचा. कंपनीत 10 पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे जायचं, घरकाम करणाऱ्या बायकांनाही हीच. मुंबईत जिल्हे दोन आहेत, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, अंधेरी-चकाला उपनगरात येतं ज्याचं कलेक्टर ऑफिस बांद्रा पूर्वला आहे, फोर्ट-परळ शहरात. ठाणे, नवी मुंबई वेगळंच. कंपनीचा रजिस्टर्ड पत्ता नरिमन पॉइंटचा आणि तुम्ही बसता पवईला असं फार असतं, म्हणून प्रत्यक्ष कुठे काम करता तो पत्ता टिपणाच्या वरच लिहा. केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल पण आहे, त्यावरून टाकलेली तक्रार पुढे संबंधित कमिटीकडेच जाते.

वकिलाला सगळं सांगायचं का? काही गोष्टी माझ्या विरोधात जातील.

त्याच आधी सांगा. आधी त्याच्याशी चांगली मैत्री होती, रात्री तुम्हीही मेसेज केलेत, एकदा कॉफीला गेलात, कधी काळी संबंध होते, लेटमार्कवरून मेमो आला होता, काहीही. हे समोरच्याच्या उत्तरात येणारच आहे. वकिलाला आधी माहीत असेल तर तक्रारीतच त्याची जागा नीट करता येते, ‘पूर्वी बोलणं होतं, अमुक तारखेला मी नको म्हणाले, त्यानंतरही’ असं. तुम्ही सांगितलेलं वकील तुमच्या परवानगीशिवाय बाहेर सांगू शकत नाही, कायद्याने बांधलेला असतो.

बरोबर कोणाला नेऊ?

आई, बहीण, नवरा, मैत्रीण, ज्याच्यासमोर तुम्ही मोकळं बोलू शकता असं एकच माणूस. पण रिसेप्शनची मुलगी किंवा ती सहकारी जी पुढे तुमची साक्षीदार होणार आहे तिला आत नेऊ नका, नाहीतर उद्या म्हणतील सगळ्यांनी वकिलासमोर बसून गोष्ट जुळवली. ती बाहेर थांबू शकते. आणि ऑफिसच्या ग्रुपवर, स्टेटसवर काही टाकू नका, तक्रार झाल्यावर तिच्यातला मजकूर, नावं, चौकशीचं काय चाललंय हे प्रसिद्ध करायला कायद्यातच बंदी आहे.

वकिलाला काय काय विचारू?

लिहून न्या, कारण रडू आलं की अर्धं विसरायला होतं. पहिला प्रश्न अपॉइंटमेंट घेतानाच, आत जायच्या आधी: तुम्ही किंवा तुमची फर्म या कंपनीचं काम करता का, या कंपनीच्या कमिटीवर बाहेरच्या मेंबर म्हणून आहात का. मुंबईत मोठ्या कंपन्यांची कामं ठराविक लोकांकडे असतात, त्यामुळे हे विचारल्याशिवाय गोष्ट सांगायला सुरुवात करू नका. मग आत गेल्यावर: माझ्या तारखांवरून मुदत कधी संपते, ती लिहून द्या. कमिटी, लोकल कमिटी की पोलीस, आणि कोणत्या क्रमाने. अंतरिम दिलासा काय मागायचा. माझ्या गोष्टीत सगळ्यात कच्चा भाग कुठला आहे. हा शेवटचा प्रश्न विचाराच, ज्या वकिलाने ‘काही कच्चं नाही, जिंकलोच’ म्हटलं त्याच्यापेक्षा ज्याने दोन अडचणी दाखवल्या तो बरा असा माझा अनुभव आहे.

कमिटीत तडजोडीचा पर्याय असतो पण तो फक्त तुम्ही मागितलात तरच, आणि त्यात पैशावर मिटवता येत नाही. कंपनी आधीच तसं सुचवत असेल तर तेही विचारा.

फी किती, आणि परवडत नसेल तर?

आकडा वकिलागणिक बदलतो म्हणून फोनवरच विचारा की पहिल्या भेटीचे किती, त्यात कागद वाचणं धरलंय का. नंतर तक्रार लिहायचे वेगळे, चौकशीच्या तयारीचे वेगळे, हे तुकडे करून लिहून मागा. भरपाई मिळाली की इतके टक्के द्या असं वकिलाला ठरवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. वकालतनाम्यावर सही पहिल्याच दिवशी करायची गरज नसते, कमिटीच्या कामाला तर तो लागतच नाही.

आणि परवडत नसेल तर, हे प्रत्येक बाईने लक्षात ठेवण्यासारखं आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करा. तिथेही हेच टिपण आणि हेच कागद लागतात.

मी पुरुष आहे / त्रास लैंगिक नाहीये, बॉस नुसता शिव्या घालतो. हे सगळं लागू होतं का?

पॉशखाली तक्रार फक्त बाईलाच करता येते. कंपनीच्या पॉलिसीत सगळ्यांसाठी तरतूद असू शकते, ती बघा. शिव्या, पगार अडवणं, उगाच काढून टाकणं यांचे रस्ते वेगळे आहेत, आणि वकीलही कामगार कायद्याचा लागतो. तारीखवार टिपण आणि फोन सांभाळणं मात्र तिथेही तसंच.

मीटिंग झाली, आता पुढे?

घरी जाता जाता ट्रेनमध्येच, जे ठरलं ते वकिलांना मेसेज करून टाका: ‘मॅडम, आज ठरलं त्याप्रमाणे मुदत 14 जून, तुम्ही 2 जूनपर्यंत ड्राफ्ट देणार, मी अप्रेझलच्या कॉपी पाठवणार.’ ड्राफ्ट आला की तुम्ही स्वतः शब्द न् शब्द वाचा, वकिलाच्या भाषेत एखादी गोष्ट मोठी होऊन आली असेल तर दुरुस्त करून घ्या, कारण प्रश्न तुम्हाला विचारले जाणार आहेत. तक्रारीच्या 6 प्रती लागतात, कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून. सातवी स्वतःसाठी काढा, तिच्यावर कमिटीच्या माणसाची सही, तारीख आणि शिक्का घ्या. हातात घेत नसतील तर त्याच दिवशी कमिटीच्या ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टाने पण, पावती टिपणाला पिन करून ठेवा.